फोटोत घुसलेली आपलीच सावली

गणपतीपुळ्याच्या देवळाचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे आहे. साहजिकच दर्शनी बाजू खऱ्या अर्थानं उजळते ती संध्याकाळी, ऊन उतरू लागल्यावर. त्या वेळी फोटो काढणारा माणूस पुळणीवर समुद्राकडे पाठ करून उभा असतो, समोर देऊळ, देवळापुढे घरची मंडळी, आणि ऊन थेट पाठीशी. प्रकाशाच्या दृष्टीनं यात काही खोट काढता येणार नाही. फोटो मात्र घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिला की खालच्या बाजूला वाळूवर एक लांबलचक काळी आकृती आडवी पडलेली दिसते. दोन्ही कोपरं बाहेर काढून काहीतरी डोळ्यांपुढे धरलेली. मंडळींच्या पायांपर्यंत तिचं डोकं पोहोचलेलं असतं.

सूर्य पाठीशी ठेवा, हा सल्ला पेटी कॅमेऱ्याच्या काळापासून चालत आला आहे. तेव्हाच्या मंद फिल्मला भरपूर उजेड लागायचा, म्हणून तो बरोबरही होता. त्या सल्ल्याची किंमत म्हणजे ही सावली. जुने अल्बम चाळले तर बऱ्याच घरांत वडिलांचा एकही फोटो नसतो, पण सावल्या ढीगभर असतात.

ती काढून टाकायची कशी, हे सांगण्याआधी ती फोटोत नेमकी त्याच जागी का येते ते पाहू. पुढच्या दुरुस्तीत त्याचा उपयोग आहे.

डिसेंबरअखेरीस गणपतीपुळ्याला संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजाच्या साधारण १५ अंश वर असतो. त्या उन्हात १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली जवळजवळ ६.३ मीटर लांब पडते. पण लांबीपेक्षा महत्त्वाचा आहे तो कोन. कॅमेऱ्याची स्वतःची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्य १५ अंश वर, तर ती क्षितिजाच्या १५ अंश खाली. तुम्ही खाली बसा, स्टुलावर चढा, चार पावलं मागे जा, ती जागा चौकटीत तसूभरही हलत नाही. फोनच्या नेहमीच्या मुख्य लेन्समधून आडवा आणि सरळ रोखून फोटो काढला, तर चौकट क्षितिजाच्या खाली सुमारे २५ अंशांपर्यंत पाहते. म्हणजे सूर्य २५ अंशांच्या खाली उतरला आणि बरोबर पाठीशी आला की तुमचं डोकं फोटोत आलंच म्हणून समजा. फोन उभा धरला तर चौकट ३५ अंशांपर्यंत खाली जाते, आणि सावली आणखी लवकर शिरते.

बहुतेक जण यावर दोन पावलं बाजूला सरकतात. देऊळ पन्नासेक मीटरवर असेल तर त्यानं काही साधत नाही. दोन पावलांनी देवळाची दिशा जेमतेम दीड-दोन अंशांनी बदलते आणि सावली तुमच्याबरोबर चालत येते. तीन-चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसांचा फोटो असेल तरच बाजूला सरकणं उपयोगी, कारण तिथे दोन मीटर सरकलं की कॅमेरा पंचवीस-तीस अंश वळवावा लागतो आणि सावली कोपऱ्याकडे ढकलली जाते. दूरच्या दृश्यासाठी सोपा उपाय वेगळा: फोनवर दुप्पट झूम घ्या आणि माणसं मावेपर्यंत मागे या. दुप्पट झूमची चौकट क्षितिजाच्या खाली १३ अंशांपर्यंतच पाहते. सावली १५ अंशांवर, म्हणजे बाहेर. तिकाटणं जवळ असेल तर कॅमेरा त्यावर ठेवून टायमर लावायचा आणि आपण बाजूला व्हायचं. मागे राहते ती तिकाटण्याची काडीसारखी सावली, आणि ती पुसायला फारसा वेळ लागत नाही.

हे सगळं तेव्हा सुचलं नाही, असं धरून पुढे जाऊ. फोटो हातात आहे, पुन्हा पुळ्याला जाणं नाही.

नवखा माणूस सावलीकडे डाग म्हणून पाहतो आणि डाग घालवायला निघतो. सावलीखालची वाळू मात्र फोटोत शाबूत असते. उन्हातल्या वाळूवर दोन प्रकारचा प्रकाश पडत असतो, एक थेट सूर्याचा आणि दुसरा निळ्या आकाशाचा. आपण मध्ये उभे राहतो तेव्हा त्यातला पहिला अडतो, दुसरा चालूच राहतो. म्हणून सावली काळी नसते, ती निळसर असते. आणि म्हणूनच नुसता उजेड वाढवला की वाळू उन्हातली न दिसता राखाडी-निळी, आजारी दिसते. तांबडा रंग निळ्यापेक्षा जास्त वाढवायला हवा, कारण जो प्रकाश अडला त्यात तांबडा-पिवळा भाग अधिक होता.

किती जास्त, हे डोळ्यानं ठरवायचं नाही, मोजायचं. गिंप हा फुकट मिळणारा प्रोग्राम त्यासाठी पुरेसा आहे, फोटोशॉप असेल तरी पद्धत तीच. रंग उचलणारं साधन घ्या आणि त्याला एका पिक्सेलऐवजी एखाद्या तुकड्याची सरासरी घ्यायला सांगा, कारण वाळूचा एकेक कण वेगळा असतो. सावलीच्या काठाला लागून असलेली उन्हातली वाळू मोजा, मग काठाच्या आतली. पुळणीवरच्या अशा फोटोत मिळू शकतील असे आकडे घेऊ. उन्हात तांबडा १९६, हिरवा १६०, निळा ११८. सावलीत तांबडा १०४, हिरवा ९१, निळा ८०. आता प्रत्येक रंग सावलीतून उन्हात न्यायला किती पट वाढवावा लागेल? तांबडा १.८८ पट, हिरवा १.७६ पट, निळा १.४८ पट. आकड्यांतच दिसतं की सावलीला सगळ्यांत जास्त उणीव तांबड्याची आहे.

आता फोटोच्या लेयरची प्रत काढायची आणि वरच्या प्रतीवर Colors > Levels उघडायचं. तिथे तांबडा, हिरवा, निळा असे वेगवेगळे निवडता येतात आणि प्रत्येकाच्या पट्टीला उजव्या टोकाला २५५ हा आकडा असतो. तो खाली आणला की तो रंग त्या पटीत वाढतो. २५५ ला वरच्या पटींनी भागलं की तांबड्यासाठी १३५, हिरव्यासाठी १४५ आणि निळ्यासाठी १७३ येतात. हे तीन आकडे भरले की सावलीतली वाळू उन्हातल्या रंगाला येते. मधली गॅमाची मूठ ओढून सावली उजळायचा मोह होतो, पण तिनं गडद कण जास्त उचलले जातात आणि वाळूचा कणखरपणा जाऊन ती धुक्यात ठेवल्यासारखी होते. उजवं टोक ओढलं की सगळं एका पटीत वाढतं, आणि सूर्यप्रकाशही बऱ्याच अंशी तसाच वागतो.

बाकीचा फोटो अर्थातच आता भयंकर पांढरा पडलेला असेल. म्हणून या वरच्या लेयरला काळा मास्क लावायचा, म्हणजे तो पूर्ण झाकला जातो, आणि पांढऱ्या ब्रशनं फक्त सावलीच्या आत रंगवायचं. जिथे पांढरं, तिथे ऊन परत.

इथपर्यंत काम दहा मिनिटांचं आहे. खरी कसोटी काठावर लागते.

सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे सावलीच्या काठावर एक पट्टा असा असतो की जिथून सूर्याचा काही भाग दिसतो आणि काही झाकलेला असतो. तिथे उजेड हळूहळू वाढत जातो. तुमच्या पायांशी हा पट्टा जवळजवळ नसतोच, तिथली सावली सुरीनं कापल्यासारखी असते. साडेसहा मीटरवर, डोक्याच्या सावलीपाशी, तो पट्टा कडेला सहा सेंटीमीटर रुंद झालेला असतो, आणि वाळूवर तिरपा पडल्यामुळे डोक्याच्या टोकाशी तर वीतभर लांब. पण कॅमेराही डोक्यापाशीच आहे. तिथून पाहताना हा पट्टा टोकाशी आणि कडेला सारखाच दिसतो, सूर्याच्या रुंदीइतका, म्हणजे अर्धा अंश. नेहमीच्या मुख्य लेन्सनं काढलेल्या, ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याचे साधारण २७ पिक्सेल होतात. मास्कची कड तेवढीच मऊ ठेवायची. याहून टणक ठेवली तर सावलीच्या जागी तिची बाह्यरेखा उरते, गडद किंवा चकाकती. जास्त मऊ ठेवली तर बाहेरची वाळू उजळून सावलीभोवती पांढुरकी कड येते. फोटोत पाय आले असतील तर पायांकडे जाताना ब्रश टणक करत जायचं.

एवढं करूनही काठावर एक केसासारखी रेघ बहुधा राहतेच. तिच्यामागे लागून मास्क पुन्हा पुन्हा रंगवत बसण्यात अर्थ नाही. ती रेघ पुढच्या टप्प्यात जाते.

तो टप्पा लागणार की नाही हे जमिनीवर अवलंबून आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला एकमेव खरा निर्णय इथेच घ्यावा लागतो. फरशी, सिमेंटचं अंगण, डांबरी रस्ता, सपाट दगडी चौथरा यांवर सावली पडली असेल, तर ऊन परत दिलं की काम संपलं. फरशीवरची रांगोळी किंवा कोरलेली अक्षरं सावलीखाली असतील, तर दुसऱ्या कुठल्या पद्धतीच्या वाटेलाच जाऊ नये, कारण ती अक्षरं फोटोत दुसरीकडे कुठेच नाहीत. पुळणीवरची कोरडी, पायांनी तुडवलेली वाळू मात्र वेगळी. १५ अंशांच्या उन्हात तिच्यावरच्या प्रत्येक पाऊलखुणेला एक उजळ ओठ असतो आणि एक काळा खड्डा. आपल्या सावलीच्या आत थेट ऊनच नसल्यामुळे हे उजेड-अंधाराचे बारके खेळ तिथे नोंदलेच गेले नाहीत. त्या भागाचा रंग कितीही अचूक जुळवा, तिथली वाळू ढगाळ दिवसाची दिसते आणि आजूबाजूची उन्हातली. इस्त्री फिरवलेल्या कापडासारखा तो भाग सपाट उठून दिसतो. हिरवळ आणि खडी यांचंही असंच. आणि लाटेनं नुकतीच भिजवलेली, चकाकणारी वाळू असेल तर पटींचं गणितच बिघडतं. तिच्यातलं आकाशाचं प्रतिबिंब आपल्या सावलीनं अडत नाही, ते वाढवायची गरज नसते, पण आपण तेही वाढवून बसतो.

अशा जमिनीवर उन्हातल्या वाळूचे तुकडे आणून ठेवावे लागतात. त्यासाठी दोन साधनं आहेत. क्लोन जसंच्या तसं उचलून ठेवतं. हील हे साधन पोत उचलतं, पण रंग आणि उजेड जिथे ठेवायचं तिथल्या आजूबाजूचा घेतं. सावली तशीच काळी ठेवून हील चालवलं, तर ते काळ्या काठाचा रंग आत ओढतं आणि डाग पसरतो. म्हणूनच आधी ऊन परत द्यायचं, मग हील वापरायचं. रंग आधीच जुळलेला असल्यामुळे हीलला फक्त पाऊलखुणा आणून ठेवायच्या असतात. काठावरची ती रेघही याच हातानं निघून जाते.

तुकडा कुठून उचलायचा? फोटोत त्याच उंचीवरून, आडव्या ओळीत. आपल्या उदाहरणात चौकटीची खालची कड तुमच्यापासून साडेतीन मीटरवरची वाळू दाखवते आणि डोक्याची सावली सहा मीटरच्या पुढची. खालची पाऊलखूण वरच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट मोठी दिसते. खालून तुकडा उचलून वर ठेवला तर वाळूवर एखाद्या राक्षसाचा पाय पडल्यासारखं होतं, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते कळलं नाही तरी काहीतरी चुकलंय एवढं कळतंच.

दुसरी गोष्ट दिशेची. पाठीशी ऊन असताना फोटोतल्या सगळ्या सावल्या तुमच्या डोक्याच्या सावलीकडे झुकतात. डावीकडच्या उजवीकडे कलतात, उजवीकडच्या डावीकडे. म्हणून सावलीचा डावा अर्धा भाग डाव्या बाजूच्या वाळूनं भरायचा, उजवा उजवीकडच्या, आणि शक्य तितका जवळचा तुकडा घ्यायचा. तुकडा आडवा उलटा करून वापरला तर उजळ ओठ चुकीच्या बाजूला येतो. सावल्या विरुद्ध दिशेला पडलेल्या वाळूकडे पाहून कुणी सावलीचं गणित मांडत नाही, पण नजर तिथे अडखळते.

एक गंमत इथे सांगायला हवी. सावली उत्तम काढली तरी तिच्या डोक्याच्या जागेभोवती वाळू जराशी जास्त उजळ दिसत राहते. ती चूक तुमची नसते. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पाहताना प्रत्येक कणाची सावली त्या कणाच्याच मागे लपते, त्यामुळे तिथे आपल्याला फक्त उजळ बाजू दिसते. पहाटेच्या दवात हिरवळीवर आपल्या डोक्याच्या सावलीभोवती वलय दिसतं तेव्हा दवाचे थेंबही प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवत असतात. वाळूवर हा परिणाम हलका असतो, पण सावली होती तेव्हा लक्षात न आलेलं ते वलय आता बिनकारणाचं उरतं. मोजणीसाठी उन्हातली वाळू अगदी काठालगतची घ्या असं वर म्हटलं, त्याचं कारण हेच. दूरची वाळू थोडी गडद असते, तिच्याशी रंग जुळवला तर उजळ वलयाच्या मधोमध डोक्याच्या आकाराचा काळसर ठिपका राहतो. वलय फारच डोळ्यांत भरत असेल तर मोठ्या, अगदी मऊ ब्रशनं किंचित गडद करावं.

काम झालं की फोटो शंभर टक्के मोठा करून तपासण्याची सवय बहुतेकांना असते. मी उलट तो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहतो. सावलीचं भूत उरलं असेल तर ते लहान आकारातच आधी दिसतं, कारण तपशील जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे तेवढे उरतात. मग मोठा करून एकच गोष्ट शोधायची: तीच पाऊलखूण, तोच शंख, तोच पाचोळ्याचा तुकडा दोनदा तर आला नाही ना. क्लोन केलेल्या फोटोची चोरी हमखास या पुनरावृत्तीनं उघडी पडते.

कधी कधी ती फार महागातही पडते. २०११ च्या जुलैमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आपल्यासाठी काम करणाऱ्या एका मुक्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले. अर्जेंटिनात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या फोटोत त्याची स्वतःची सावली आली होती आणि त्यानं जमिनीवरची धूळ क्लोन करून ती झाकली होती. पुढच्या भागातली धूळ नको तितकी सारखी दिसते आहे, हे एका फोटो-संपादकाच्या नजरेनं हेरलं. संस्थेनं त्याचे फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले. सावली कुणाची बदनामी करत नव्हती, बातमीचा अर्थही बदलला नव्हता. पण बातमीच्या फोटोत कॅमेऱ्यासमोर जे होतं त्यात भर घालायची नाही आणि त्यातून काही काढायचंही नाही, हा नियम तिथे सरळ आहे. कडक वाटला तरी मला तो योग्य वाटतो, कारण एकदा धूळ हलवायला परवानगी दिली की पुढचं काय हलवलं हे कोण पाहणार? घरच्या अल्बमला हा नियम लागू नाही. स्पर्धेला फोटो पाठवणार असाल तर मात्र नियमावली आधी वाचा.

एवढं सगळं असूनही काही सावल्यांना हात लावू नये. तुमच्या डोक्याची सावली समोरच्या माणसाच्या कपड्यांवर चढली असेल तर वाळूचे तुकडे तिथे कामाचे नाहीत, आणि नुसतं ऊन परत द्यायचं म्हटलं तर कपड्याच्या प्रत्येक घडीवर ऊन वेगळ्या कोनानं पडतं, त्यामुळे एकच पट सगळीकडे चालत नाही. साडीच्या निऱ्यांवर तर प्रत्येक निरीसाठी वेगळा मास्क करावा लागेल. सावली चेहऱ्यावर आली असेल तर विषयच संपला. सावली फक्त पायांवर आली असेल तर फोटो गुडघ्यांच्या वर कापावा, कापताना नेमका सांध्यावर कापू नये, थोडा मांडीवर कापावा. देऊळ वर आहेच, माणसांचे चेहरे आहेतच, आणि पुळणीची चार बोटं गेली तर कुणी विचारत नाही.